गुरुजींचं खातं गुरुजींच्याच हातात

अंबाजोगाईत बसस्टँडजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, पाण्यात पडलेला फोन हे रोजचंच. पण गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एक फोन आला, त्यात बिघाड काहीच नव्हता. तरी तो दुरुस्त करायला मला दोन बैठका लागल्या. गुरुजींची परवानगी घेऊन लिहितोय. नाव मात्र सांगत नाही.

आधी पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "दादा, बाबांच्या मोबाईलमधलं यूट्यूब बघा जरा. जाहिराती लागू नयेत म्हणून मी प्रीमियम करून दिलंय. आई गेल्यापासून रात्री त्यांना झोप येत नाही, कीर्तन ऐकत पडतात. पण महिना झाला, त्यांनी उघडलेलंच नाही. ॲप बिघडलंय बहुतेक."

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, मला चौथीला होते. मी फोन उघडला. यूट्यूब झकास चालत होतं. वर कोपऱ्यात फोटो मात्र मुलाचा. मुलानं आपलंच गूगल खातं बापाच्या फोनमध्ये टाकलं होतं, म्हणजे एकाच पैशात दोघांचं भागेल. मी म्हणालो, "गुरुजी, हे तर चालू आहे. मग ऐकत का नाहीत?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, ते माझं नाही. त्याचं आहे. मी काय बघतो ते त्याला दिसतं तिकडं."

झालं असं होतं. गुरुजींना लघवीचा त्रास सुरू झाला होता. कुणाशी बोलायला संकोच वाटे, म्हणून रात्री त्यांनी प्रोस्टेटवरचे दोन-चार व्हिडिओ बघितले. खातं एकच, म्हणून इतिहासही एकच. सकाळी मुलानं पुण्यात यूट्यूब उघडलं तर त्याच्या पहिल्या पानावर तेच व्हिडिओ. कोणता किती वाजता बघितला तेही इतिहासात दिसतं. त्यानं काळजीनं लगेच फोन केला, "बाबा, पहाटे अडीचला जागे का होतात? लघवीचा काही त्रास आहे का?" सून शेजारीच होती, तिचाही आवाज आला. त्या दिवसापासून गुरुजींनी फोन उशाखालून काढून कपाटात ठेवला.

मुलाचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण भेट दिलेल्या वस्तूची किल्ली त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली होती आणि हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मी गुरुजींना विचारून मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आजाराचा विषय काढला नाही. एवढंच म्हणालो की बाबांना त्यांचं स्वतःचं खातं हवंय, प्लॅन त्या खात्यावर घ्यायचा. तो लगेच म्हणाला, "मग मी फॅमिली प्लॅन घेतो आणि बाबांना त्यात जोडतो." त्यात प्रत्येकाचा इतिहास वेगळा राहतो, हे खरं. पण त्याचा नियम असा आहे की सगळे सदस्य एकाच घरच्या पत्त्यावर राहणारे हवेत. एक पुण्यात, एक अंबाजोगाईत, हे त्या नियमात बसत नाही. आणि उद्या मुलानं तो गट मोडला तर गुरुजींचं ऐकणं पुन्हा जाहिरातींसकट. ते नको, असं मीच म्हणालो.

मग गुरुजींचं स्वतःचं खातं शोधायला लागलो. सापडलं. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं करून दिलेलं, प्ले स्टोअरमध्ये ते चालू होतं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आणि रिकव्हरीला जोडलेला मोबाईल नंबर त्याच पोराचा. आमच्या धंद्यात हे फार चालतं. गिऱ्हाईक घाईत असतं, ओटीपी पटकन यावा म्हणून दुकानदार स्वतःचा नंबर टाकतो आणि विसरून जातो. मीही पूर्वी असं केलंय, आता करत नाही. कारण ज्याचा नंबर, त्याच्याकडे पासवर्ड बदलायचा कोड जातो. म्हणजे खातं नावाला गुरुजींचं, दार उघडणारा तिसराच.

बरं हे की खातं त्या फोनवर चालूच होतं. `Forgot password?` वर गेलो, गूगलनं फोनच्या लॉकनं ओळख पटवून घेतली आणि नवा पासवर्ड मागितला. मी फोन गुरुजींच्या हातात दिला आणि दुकानाच्या दाराकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी खिशातली डायरी काढली, आधी कागदावर लिहिलं, मग एकेक अक्षर दाबत टाकलं. मग रिकव्हरी नंबर बदलून त्यांचा स्वतःचा टाकला. इथं एक गोष्ट मला माहीत होती म्हणून त्या दिवशी पैसे भरू दिले नाहीत. नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. ते पोरगं काही वाईट करेल असं मला वाटत नव्हतं. पण खातं पुरतं आपलं झाल्याशिवाय त्यावर वर्षाचे पैसे कशाला घालायचे? गुरुजी म्हणाले, "महिना थांबलोय, आठवडा थांबू."

मुलाचं खातं फोनमधून लगेच काढून टाकायचा मोह होता, पण हात आवरला. अशा वेळी रडायची पाळी येते ती कॉन्टॅक्टमुळे. फोनमध्ये दोन खाती असली की नवा नंबर सेव्ह करताना तो कुठल्या खात्यात जातोय हे कुणी बघत नाही. खातं काढलं की त्यातले नंबर फोनवरून जातात. ते मुलाच्या खात्यात राहतात, पण गुरुजींना दिसायचे बंद होतात. मी कॉन्टॅक्टच्या ॲपमध्ये फक्त मुलाचं खातं निवडून बघितलं तर त्याच्या कचेरीतल्या माणसांच्या मधे मधे गुरुजींचे एकतीस नंबर निघाले. दूधवाला, औषधाचं दुकान, लातूरचे डॉक्टर, मेहुणी, गावाकडं बटईनं शेत करणारा माणूस. एकेक नाव गुरुजींना वाचून दाखवलं, त्यांचे तेवढे निवडले आणि `Move to another account` करून त्यांच्या खात्यात आणले. मगच मुलाचं खातं काढलं. मुलाला सांगितलं, तुझ्याकडूनही गूगल खात्याच्या `Your devices` मध्ये जाऊन बाबांचा फोन साइन आउट झालाय का बघ. त्यानं बघितलं, उरला होता तो काढला.

मुलाच्या खात्यात बनवलेली कीर्तनांची यादी होती, त्रेचाळीस व्हिडिओंची. पैसे भरलेला प्लॅन एका खात्यातून दुसऱ्यात जात नाही, तसंच यादीचंही. पण मुलानं ती यादी लिंकवाल्यांना दिसेल अशी केली, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, आणि गुरुजींच्या खात्यातून आम्ही ती जपून ठेवली. तेवढंच पुष्कळ झालं.

आठ दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. मुलानं आदल्या रात्री त्यांच्या बँक खात्यात चौदाशे नव्वद रुपये पाठवले होते. त्याला स्वतःचं कार्ड या खात्यावर टाकायचं होतं. मी नको म्हटलं. कार्ड टाकलं की ते खात्यात बसून राहतं. एखाद्या रात्री कसला तरी गेम नाहीतर ॲप विकत घ्यायचं बटण चुकून दाबलं जातं आणि ओटीपी पुण्यात. मग पुन्हा फोन, "बाबा, हे काय घेताय?" आणि महिन्याचा प्लॅन असेल तर कार्डाची मुदत संपली की तो अर्ध्यातच बंद. पैसे बापाच्या खात्यात, पिन बापाचा, खरेदी बापाची. भेट म्हणून पैसे दिले, तिथं मुलाचं काम संपलं.

यूट्यूबमध्ये प्रीमियम घ्यायला गेलं की सगळ्यात मोठं बटण महिन्याच्या प्लॅनचं असतं, पहिला महिना फुकट. ते दाबलं तर यूपीआय ऑटोपेची परवानगी मागतात आणि मग दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना येते, तो रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पण पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पैसे कापणार असा मेसेज आला की तो दचकतो, आणि दचकला की कुणीही फोन करून "ते थांबवतो, ओटीपी सांगा" म्हटलं तरी त्याला खरं वाटतं. म्हणून थोडं खाली जाऊन एकदाच भरायचा वर्षाचा प्लॅन घेतला. त्या दिवशी स्क्रीनवर १४९० रुपये होते. वर्ष संपलं की तो आपोआप बंद होतो, पुढं घ्यायचा की नाही ते गुरुजी ठरवतील.

पैसे भरायच्या पानावर मेलचा पत्ता बारीक अक्षरात असतो. तो मी गुरुजींना मोठ्यानं वाचायला लावला. चुकीच्या खात्यावर घेतलं तर ते हलवता येत नाही. पत्ता त्यांचाच होता. पिन टाकताना मी पुन्हा दाराकडे तोंड केलं.

मला वाटलं झालं. पण गुरुजी उठले नाहीत. म्हणाले, "थांब, बघून घेऊ." त्यांनी यूट्यूबच्या शोधात सावकाश काहीतरी टाईप केलं, एक व्हिडिओ लावला, मिनिटभर बघितला, बंद केला. मला स्क्रीन दाखवली नाही. मग मुलाला फोन लावला. "बघ रे, तुझ्याकडं माझं काही नवीन दिसतंय का?"

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. तो बघत असावा. "नाही बाबा, काहीच नाही. आणि ते जुनं होतं ना, तुम्ही बघितलेलं, ते मी काढून टाकलंय. सगळं. वाचलं नाही, तारखेवरून काढलं."

गुरुजी "हं" म्हणाले. मग दुकानाबाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि फोन कानाला लावून बोलत राहिले. गाड्यांच्या आवाजात मला सगळं ऐकू आलं नाही. पण "लातूरच्या डॉक्टरकडं" आणि "तू ये मग शनिवारी" एवढं ऐकलं. पंधरा मिनिटांनी आत आले आणि विचारलं, "कानात घालायचं ते आहे का रे, वायरचं? रात्री शेजाऱ्यांना त्रास नको."