विमान जोरात का हाणत नाहीत

"काका, विमानात एवढी ताकद असते, सुटायलाही उशीर झालेला असतो, तरी पायलट जोरात का नाही हाणत?"

परवडत नाही म्हणून. एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. मी मुंबईत एका विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये होतो, म्हणजे विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन यांचा हिशेब मांडणाऱ्यांत. आता रत्नागिरीत असतो. इथे वाडीवाडीत कोणी ना कोणी दुबईला, मस्कतला, कुवेतला असतं. ते सुट्टीवर आले की हा प्रश्न येतोच, आणि विचारण्याचा सूर बहुतेक वेळा असा, की कंपनी स्वतःचं इंधन वाचवते आणि वेळ मात्र आमचा घालवते. त्यात तथ्य आहे. किती आहे, ते बघू.

मिरकरवाड्याच्या तांडेलाला यातलं काही शिकवावं लागत नाही. मासळी घेऊन परतताना इंजिन पूर्ण ताणलं तर डिझेल भसाभस जातं. रमतगमत आलं तर बर्फ वितळतो, खलाशांचा वेळ जातो आणि लिलावाला दुसऱ्याची बोट आधी लागते. तो दोन्ही खर्च मनात तोलतो आणि मधला कुठलातरी वेग धरतो. विमानात हेच तोलणं एका आकड्यात बसवलेलं असतं. त्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात.

एअरबस ए-३२० मध्ये सुटण्याआधी पायलट दोघांच्या मधल्या छोट्या पडद्यावर `INIT` नावाचं पान उघडतात. त्यात उड्डाण क्रमांक, कुठून कुठे, कितव्या उंचीवर अशा गोष्टी भरायच्या असतात, आणि त्यातच एक ओळ असते `COST INDEX`. तिथे आम्ही कागदावर दिलेला आकडा टाकायचा. त्यापुढे चढताना, वर समांतर उडताना आणि उतरताना कोणता वेग धरायचा, ते संगणक त्या आकड्यावरून ठरवतो. पायलटला वाटलं तर तो स्वतः वेग निवडू शकतो, पण कारण असल्याशिवाय सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

आकड्याचा अर्थ सरळ आहे. विमान एक मिनिट जास्त हवेत राहिलं तर कंपनीला जो खर्च येतो, त्याला एक किलो इंधनाच्या किमतीने भागायचं. समजा मिनिटाचा खर्च ३,००० रुपये आणि इंधन १०० रुपये किलो. कॉस्ट इंडेक्स झाला ३०. म्हणजे एक मिनिट वाचवण्यासाठी ३० किलोपर्यंत इंधन जाळायला आमची हरकत नाही, त्याहून एक किलोही जास्त नको. (बोइंगचं माप वेगळं असतं, तिथला ३० म्हणजे हा ३० नव्हे. दोन्ही प्रकारची विमानं असलेल्या कंपनीत नवीन माणूस इथेच गोंधळतो.)

शून्य टाकला तर संगणक समजतो की वेळ फुकट आहे, फक्त इंधन वाचवा. तरीही विमान रांगत जात नाही, कारण फार हळू उडण्यालाही इंधन लागतं. वेग कमी झाला की तेवढंच वजन तोलून धरायला नाक जास्त वर करावं लागतं आणि त्याने हवेचा अडथळा वाढतो. शिवाय वाटेत वेळ जास्त जातो आणि इंजिनं तेवढा वेळ पीत राहतात. म्हणून कमीत कमी इंधनाचा असा एक ठराविक वेग असतो. त्याच्या खालीही तोटा आणि वरही.

वरचा तोटा मात्र जास्त बोचरा. ए-३२० ची वेगमर्यादा माख ०.८२ आहे, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८२ टक्के. विमान स्वतः ध्वनीपेक्षा हळू असलं तरी पंखाच्या फुगीर वरच्या बाजूवरून हवा जास्त जोरात सरकते, आणि तिथे ती ध्वनीचा वेग ओलांडते. तशी ओलांडली की पंखावर आघात-लहर उभी राहते, आणि मर्यादेच्या जवळ जाऊ तशी ती बळावत जाते. त्या टप्प्यात थोडासा वेग वाढवायलाही इंजिनाला फार जास्त इंधन द्यावं लागतं.

आता दुबई–मुंबईचा हिशेब करू. चढणं-उतरणं सोडून वर समांतर उडायचं अंतर ८०० नॉटिकल मैल धरू, उंची ३५ हजार फूट, वारा नाही. इंधनाचे आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत. खरे आकडे त्या दिवशीच्या वजनावर आणि तापमानावर ठरतात.

माख ०.७६ ने गेलं तर या टप्प्याला साधारण ११० मिनिटं लागतात आणि इंधन ४,२०० किलो. ०.७८ ने गेलं तर १०७ मिनिटं आणि ४,२५० किलो. ०.८० ने गेलं तर १०४ मिनिटं आणि ४,४०० किलो. दोन्ही पायऱ्यांवर वेळ जवळजवळ सारखाच वाचतो, पावणेतीन मिनिटांच्या आसपास. पण पहिल्या पायरीला ५० किलो लागले, म्हणजे मिनिटाला साधारण १८. दुसरीला १५० किलो, म्हणजे मिनिटाला ५० च्या वर.

आपला भाव ३० चा आहे. पहिली पायरी त्यात बसते, दुसरी बसत नाही. म्हणून विमान ०.७८ च्या आसपास धरतं आणि तिथेच थांबतं. इंजिनात ताकद शिल्लक आहे हे पायलटला ठाऊक असतं. ती ताकद वापरली तर आख्ख्या प्रवासात तीन मिनिटं मिळतील आणि इंधनाचे १५,००० रुपये जास्त जातील, हेही ठाऊक असतं. चाळीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान त्याने सदतीस मिनिटं उशिरा पोचेल. तुम्ही तेवढ्यासाठी तिकिटावर जास्त पैसे द्याल का, असं मी उलट विचारतो. अजून कोणी हो म्हटलेलं नाही.

इंधन महागलं की भागाकार घटतो. तोच मिनिटाचा खर्च ३,००० ठेवून किलोचा भाव १५० झाला, तर कॉस्ट इंडेक्स २० वर येतो आणि विमान आणखी जरा मंदावतं. २००८ साली कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं, तेव्हा अनेक कंपन्यांनी वेग उतरवले ते यामुळेच. आपल्याकडे विमानाचं इंधन जीएसटीत नाही, देशातल्या फेऱ्यांसाठी त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो राज्याराज्यांत वेगळा आहे. त्यामुळे इंधन कुठे भरलं यावरही हिशेब हलतो, आणि नीट काम करणारी कंपनी सगळ्या मार्गांना एकच आकडा लावत नाही.

इंधनाचा भाव तरी बिलावर छापून येतो. खरा घोळ आहे तो मिनिटाच्या खर्चात, कारण तो काढताना हिशेबनीस काहीही आत घालतात. विमानाचं दरमहा ठरलेलं भाडं यात धरायचं नाही, कारण विमान पाच मिनिटं आधी उतरल्याने ते कमी होत नाही. विमानतळाचं उतरण्याचं शुल्कही नाही. धरायचं ते तासावर चढणारं: इंजिनाच्या देखभालीचा करार ताशी दराने असेल तर तो, वैमानिक आणि केबिन क्रू यांचा तासावर मिळणारा भत्ता, बस. ठरलेले खर्च आत घुसले की आकडा फुगतो, विमानं उगाच जोरात उडतात, आणि कंपनीला वाटत राहतं की आपण वेळ वाचवतोय. हे ओळखायचं कसं? विमानं रोज वेळेच्या आधी पोचून पार्किंगच्या जागेसाठी टॅक्सी-वेवर उभी राहत असतील, तर आकडा तपासायला घ्यावा.

उलट, काही वेळा एका मिनिटाची किंमत एकदम उडी मारते. मुंबईत बारा जणांना पुढचं विमान गाठायचंय आणि तीन मिनिटांनी ते हुकणार आहे, किंवा क्रूची कामाची कायदेशीर मर्यादा संपत आलीय आणि त्याच विमानाची पुढची फेरी रद्द होणार आहे. अशा दिवशी १५,००० रुपये स्वस्त पडतात. तेव्हा आम्हीच पायलटला आकडा वाढवायला सांगायचो. म्हणजे जोरात हाणतातही, फक्त तुमच्या आमच्या बेचैनीसाठी नाही.

वारा मध्ये आला की आणखी गंमत. हिवाळ्यात दुबईहून येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो आणि परत जाताना तोच तोंडावर. कॉस्ट इंडेक्स तोच ठेवला तरी संगणक येताना वेग किंचित उतरवतो आणि जाताना वाढवतो. समोरच्या वाऱ्यात जितका वेळ अडकाल तितकं जास्त इंधन जाणार, म्हणून तिथून लवकर बाहेर पडलेलं बरं. पाठीवर वारा असताना तो फुकट ढकलतोच आहे.

आणि पावसाळ्यातली मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. पाऊस वाढला, दिसेनासं झालं की उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि मागे रांग लागते. अशा वेळी ०.८० ने धावत येऊन काय मिळणार? आकाशात चकरा. वाटेत वाचवलेली तीन मिनिटं तिथे जातात, वर चकरांचं इंधन वेगळं. पुढे रांग आहे हे आधी कळलं, तर वाटेतच वेग उतरवून तो थांबा उंचावर काढणं स्वस्त पडतं, कारण तिथे इंजिनं खालच्यापेक्षा कमी पितात.

गोव्याच्या विमानाचं विचारणारेही असतात, कारण हल्ली दक्षिणेकडची आपली मंडळी मोपाला उतरतात. तिथे तर हा सगळा हिशेब जवळजवळ लागूच होत नाही. मुंबईहून चढून विमान सरळ होतं न होतं तोवर उतरायची तयारी सुरू होते. समांतर उड्डाण शंभरेक नॉटिकल मैलांचं धरलं, तर ०.७६ आणि ०.८० मधला फरक चाळीस सेकंदांचा. कॉस्ट इंडेक्सचा जो काही परिणाम व्हायचा तो चढण्या-उतरण्याच्या वेगावर होतो, आणि तोही थोडाच. तरीही उशिरा सुटलेलं गोव्याचं विमान कधीकधी वेळेवर पोचतं. ते जोरात उडालेलं नसतं. वेळापत्रकात जमिनीवर धावपट्टीपर्यंत जायला आणि रांगेला म्हणून जी दहा-पंधरा मिनिटं आधीच जास्त धरलेली असतात, ती त्या दिवशी वापरावी लागलेली नसतात.