मावशीला ताप नव्हता

चाकणच्या एका कारखान्यातलं कॅन्टीन आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, मी तिथे हायजीन बघतो. मागच्या महिन्यातली गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये. साडेबाराला पहिल्या बॅचचं जेवण झालं आणि तीनच्या सुमाराला शॉपफ्लोअरवरून फोन आला की माणसं उलट्या करतायत. पाच वाजेपर्यंत एकतीस जण. जोरात मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, ताप मात्र जवळजवळ कोणालाच नाही. सगळे दुसऱ्या दिवशी बरे झाले, पण त्या संध्याकाळी माझे हात थरथरत होते.

इतक्या लवकर उलट्या आणि ताप नाही म्हटल्यावर माझा पहिला संशय स्टॅफिलोकोकस, म्हणजे स्टॅफ, या जंतूवर गेला. हा जंतू आपल्या नाकात, त्वचेवर आणि पू झालेल्या जखमेत असतो, अन्न कोमट राहिलं की त्यात वाढतो आणि विष सोडतो. नंतर उकळलं तर जंतू मरतात, विष तसंच राहतं. त्यामुळे 'गरम करून वाढलंय ना' याला काही अर्थ नसतो. त्या दिवशी बटाट्याची सुकी भाजी होती. बटाटे सकाळी सहाला उकडले, सातला हाताने सोलले, आणि परातीत झाकून साडेदहापर्यंत ओट्यावरच. मग फोडणी. फ्रीजमध्ये रोजचं सॅम्पल ठेवलेलं होतं ते लॅबला पाठवलं, रिपोर्टमध्ये स्टॅफच भरपूर निघाला.

सोलणाऱ्या मावशी नऊ वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांच्यासारखं नीट काम कोणी करत नाही. त्यांच्या उजव्या अंगठ्याला नखाशेजारी पू झाला होता, चिंधी बांधून वरून ग्लोव्ह घातला होता. मी विचारलं, "मावशी, सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "साहेब, मला ताप कुठं होता? बोट दुखतंय म्हणून काय आजारी पडते का मी? आन् मोजा घातलाच होता की."

भिंतीवरची जुनी नोटीस मी परत वाचली. 'संसर्गजन्य व्याधीने ग्रस्त कर्मचाऱ्यांनी व्यवस्थापनास अवगत करावे. हातमोजे वापरणे बंधनकारक.' ऑडिटला फोटो काढायला उत्तम, पण ही भाषा मावशींची नाही, ओडिशाहून आलेल्या पोरांची तर नाहीच. आणि ग्लोव्हबद्दल एवढंच लिहिलं की माणूस धरून चालतो की घातला म्हणजे झालं. मावशींनी एकच जोडी सकाळपासून घातलेली, त्यातच फोन उचलला, केस सावरले, कचऱ्याचा डबा सरकवला. आत घाम, चिंधी ओली, आणि सुरीने अंगठ्यापाशी बारीक फाटलेला ग्लोव्ह.

नवीन नोटीस मी मावशींना समोर बसवून लिहिली, मराठीत आणि हिंदीत, बाजूला चित्रं. 'आजारी' हा शब्दच काढून टाकला. त्याऐवजी: जुलाब, उलटी, डोळे पिवळे, घसा दुखून ताप, हाताला पू किंवा फोड, कानातून पाणी, यातलं एक जरी असेल तर अन्नाला हात लावायच्या आधी सुपरवायझरला सांगा. जुलाब-उलटी थांबल्यावर अजून दोन दिवस किचनमध्ये यायचं नाही, कारण बरं वाटलं तरी जंतू पडत राहतात.

हात धुण्याचं मी त्यांना करून दाखवायला सांगितलं तेव्हा कळलं की त्या तळवे छान चोळतात पण अंगठा आणि नखं कोरडीच राहतात, आणि सोलायचं काम तर अंगठाच करतो! म्हणून नोटीसमध्ये अंगठ्याचं चित्र सगळ्यात मोठं. हात ओले करा, साबण लावा, तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे गोल फिरवून, नखं तळव्यावर घासून, सावकाश वीस मोजेपर्यंत. मग धुवा, कागदाने पुसा, त्याच कागदाने नळ बंद करा कारण तो घाणेरड्या हाताने उघडलेला असतो. खुंटीवरचा सगळ्यांचा एक टॉवेल मी स्वतः काढून टाकला.

ग्लोव्हचं असं लिहिलं: आधी हात धुवा मगच घाला, काम बदललं, फाटला, फोन किंवा कचऱ्याला हात लागला की टाकून द्या, धुवून परत वापरू नका. जखमेवर निळी पट्टी, त्यावर ग्लोव्ह, पण पू असेल तर ग्लोव्ह घालूनही अन्नाला हात नाही. पोळीच्या तव्याजवळ घालायचाच नाही, प्लास्टिक वितळून हाताला चिकटतं.

शेवटची ओळ होती: 'सांगितलं म्हणून पगार कापणार नाही.' तिच्यासाठी कॉन्ट्रॅक्टरशी तीन दिवस वाद घातला, तो म्हणे मग रोज कोणीतरी जुलाब सांगेल. मला हे बोलणं अजिबात पटलं नाही, रोजंदारीवरचा माणूस हजेरी बुडवून खरं का सांगेल?

मावशींच्या अंगठ्याचा स्वॅब घ्यायचा राहिला, गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टर म्हणाले आता उपयोग नाही. त्यामुळे जंतू त्यांच्याच बोटाचा होता हे मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि परात साडेतीन तास ओट्यावर राहिली ती माझ्या ड्युटीत. त्या आता दहा दिवसांनी परत सोलायला बसल्यात, आणि उकडलेला बटाटा सोलला की पसरट ट्रेमध्ये लगेच फ्रीजला जातो. परवा भांडी घासणाऱ्या पोराने सकाळी येऊन स्वतःहून सांगितलं की रात्रीपासून जुलाब आहेत. घरी पाठवला. त्याच्या तीन दिवसांच्या हजेरीवर कॉन्ट्रॅक्टरची सही अजून झालेली नाही, उद्या परत जातोय.