आत्याच्या अकरांतला एक

मंगळवारी पहाटे पावणेसहाला आत्याचा मेसेज आला. वर दोन बाण होते, म्हणजे तिच्याकडे येण्याआधीच तो बरीच गावं हिंडला होता. खाली बालाजीचा फोटो आणि मजकूर नेहमीचाच. अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता कळेल. एका व्यापाऱ्याने पाठवला, त्याला लॉटरी लागली. एकाने थट्टा करून पुसून टाकला, त्याच्या घरात तिसऱ्या दिवशी आक्रीत घडलं.

लहानपणी हेच पोस्टकार्डावर यायचं. कार्ड पंधरा पैशांचं आणि पाठवायची एकवीस. आजी मला लिहायला बसवायची. सातव्या कार्डापर्यंत माझं अक्षर फरफटू लागे आणि लॉटरीच्या रकमेत एखादं शून्य वाढे. व्यापारी माझ्यामुळे लखपती झाला असणार. त्या कार्डांवर पाठवणाऱ्याचं नाव मात्र कधीच नसे. त्यामुळे त्याला उत्तर देता येत नसे. घाबरायचं, नाहीतर बंबात घालायचं. आता वर आत्याचं नाव होतं, चष्मा लावलेला तिचा फोटोही होता.

त्या दोन बाणांचा आणखी एक अर्थ असतो. फार फिरलेला मेसेज 2020 पासून व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. म्हणजे आत्याने हे एकदा नव्हे, अकरा वेळा केलं होतं. पहाटे उठून, एका बोटाने, नावं शोधत. गंमत म्हणून एवढी खटपट कोणी करत नाही.

तरी माझं पहिलं उत्तर 'आत्या, तूसुद्धा?' आणि पुढे हसरा चेहरा असंच होतं. ते खोडलं. गेल्या वर्षी एका चुलतभावाने घरच्या ग्रुपवर तिची अशीच फिरकी घेतली, तेव्हापासून दीड महिना तिचा चहाच्या कपाचा सुप्रभातही बंद होता.

मग गणित लिहिलं. प्रत्येकाने अकरा जणांना पाठवला तर नवव्या फेरीला 235 कोटी माणसं लागतात आणि दहाव्या फेरीला 2,593 कोटी. एवढी माणसं पृथ्वीवर नाहीतच. म्हणजे साखळी तुटणारच असते आणि ती तोडणारे आपल्या अवतीभोवती ठणठणीत हिंडत असतात. हिशेब चोख होता, पण पहाटे पावणेसहाला घाबरलेल्या बाईला तो कशाला? तोही खोडला.

'पाठवला गं' एवढं लिहून सुटता आलं असतं. बरेच जण तेच करतात. पण मग ती भीती खरी होती यावर माझीही सही पडली असती, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा देव आला असता.

'तीन दिवसांत' या शब्दांवर नजर अडकली. मंगळवारपासून तिसरा दिवस शुक्रवार. शुक्रवारी काकांची अँजिओग्राफी. मला हे माहीत होतं आणि मी साफ विसरलो होतो.

शेवटी लिहिलं ते असं: 'आत्या, मेसेज मिळाला. मी पुढे पाठवणार नाही, तो माझ्यापाशी थांबला. तू तुझं केलंस, तुझ्याकडे काही बाकी नाही. आपला विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. देवाला तीन दिवसांची घाई नसते गं. शुक्रवारी काकांना किती वाजता न्यायचंय? मी रजा टाकतो.'

बालाजीला मी हात लावला नाही. माझा राग देवावर नव्हताच, मुदत घालणाऱ्यावर होता. 'काकांना काही होणार नाही' हे वाक्य दोनदा लिहून दोनदा काढलं. ते मला कुठून कळणार? तसं लिहिलं असतं तर त्या मेसेजात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? गाडी घेऊन येणं मात्र माझ्या हातात होतं.

दहा मिनिटांत फोनच आला. 'साडेसातला पोचायचंय, उपाशीपोटी. तू ये, हे माझं ऐकत नाहीत. चोरून चहा पितील.' मग जरा थांबून, 'अरे, पण त्या दहा जणींना काय सांगू? त्यातल्या मालूताईला तर रक्तदाबाचा त्रास आहे.'

याचा विचार मी केलाच नव्हता. फोनवरच मजकूर सांगितला, तो तिने लिहून घेतला: 'सकाळचा मेसेज पुढे पाठवू नका. माझं मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून पाठवला. तुम्हाला काही करायचं नाहीये. मजेत राहा.' खाली स्वतःचं नाव घाल, असंही सांगितलं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. आवाजात आता चक्क वैताग होता. 'पाच जणींना गेला, सहावीचं नावच घेत नाही मेला. बिघडलाय का रे फोन?'

'नाही गं, कमी फिरलेला मेसेजही एका वेळी पाच जणींनाच पुढे पाठवता येतो. उरलेल्या पाच जणींना पुन्हा पाठव.'

'थांब, कणीक मळायची राहिलीय,' म्हणाली, 'मालूताईला गेलाय ना, बाकीच्यांना दुपारी बघते.'