जुन्या ग्राहकांना दरवाढीचं पत्र: आकडे कसे काढले आणि काय लिहिलं

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, म्हणजे कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. बहुतेक ग्राहक सुरुवातीपासूनचे. अशा ग्राहकांना दर वाढवल्याचं कळवणं हे नवीन माणसाला कोटेशन देण्यापेक्षा अवघड असतं. नवा ग्राहक फक्त दर बघतो. जुन्याला आपला मागचा दर, मागचं बोलणं, मागची अडचण सगळं आठवत असतं, आणि त्याने आपल्याला अडीअडचणीत सांभाळूनही घेतलेलं असतं. म्हणून गेल्या दरवाढीचं पत्र मी घाईने पाठवलं नाही. आधी आकडे नीट काढले.

पहिला प्रश्न होता, तुलना कशाशी करायची? कागदाचा दर सारखा वरखाली होतो. मधल्या काळात तो एकदा १९ टक्क्यांपर्यंत चढला होता आणि पुन्हा खाली आला होता. तो चढलेला आकडा पत्रात टाकायला सोपा होता, पण ग्राहकाचा पर्चेस मॅनेजर आणखी दोन-तीन जणांकडून खोकी घेतो, त्याला कागदाची चाल आमच्याइतकीच कळते. त्याने एकदा 'हा तर शिखरावरचा दर आहे' असं म्हटलं की बाकीचे खरे आकडेसुद्धा संशयात सापडतात. म्हणून मागच्या दरवाढीच्या आधीच्या तीन महिन्यांतली कागदाची बिलं एका बाजूला ठेवली आणि नुकत्याच संपलेल्या तीन महिन्यांची दुसऱ्या बाजूला. प्रत्येक रीळ किती किलोचं आणि काय भावाने आलं, ते धरून सरासरी काढली. जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं वजन, आणि बीएफ, म्हणजे दाबाखाली न फुटण्याची ताकद, तोच असलेला कागदच तोलला, नाहीतर भारी कागदाची जास्त खरेदी झाली म्हणून दर वाढल्यासारखा दिसतो. वाढ निघाली ११ टक्के.

इथेच बरेच पुरवठादार घसरतात. कागद ११ टक्क्यांनी वाढला म्हणून खोकंही ११ टक्क्यांनी महाग, असं लिहून मोकळे होतात. पण खोक्यात फक्त कागद नसतो. आमचे हिशेब सांभाळणाऱ्या काकांनी विक्रीच्या जुन्या दराला १०० धरून तक्ता मांडला. त्यात कागद ६२ (रद्दी विकून येणारे पैसे वजा करून), मजुरी ११, शाई-गोंद-तार ६, वीज ४, वाहतूक ६, भाडं-देखभाल-व्याज ५ आणि नफा ६. मग प्रत्येक ओळीला तिची स्वतःची वाढ लावली. कागदाच्या ६२ वर ११ टक्के म्हणजे ६.८. मजुरी १४ टक्क्यांनी वाढली होती, पण तिचा वाटा ११ च असल्याने त्यातून आले १.५. शाई-गोंद-तार ५ टक्क्यांनी वाढली, वीज १० आणि वाहतूक ९ टक्क्यांनी. या तिघांचे मिळून १.२. भाडं तेच होतं, तिथे शून्य. एकूण वाढ ९.६.

आमचा नफाच ६. म्हणजे जुन्या दराने माल देत राहिलो तर प्रत्येक शंभरामागे ३.६ चा तोटा. हे कागदावर बघितलं तेव्हा 'थोडं थांबू या' हा पर्याय संपला.

पण ९.६ सगळं ग्राहकाच्या अंगावर टाकायचं का, हा वेगळा प्रश्न होता. कटिंगमधलं वेस्टेज आम्ही साडेसहा टक्क्यांवरून पाचवर आणलं होतं. मापं जुळवून एका रिळावर दोन ऑर्डर लावायला लागलो, एवढंच केलं होतं. त्याची बचत, कमी झालेल्या रद्दीचे पैसे वजा जाता, ०.८ येत होती. ती ग्राहकाला द्यायची ठरवली. राहिले ८.८.

दुसरा निर्णय नफ्याचा. नफा ६ टक्केच राखायचा असता तर दर सुमारे ९.४ टक्क्यांनी वाढवावा लागला असता, कारण विक्रीचा दर वाढला की त्याच्या सहा टक्क्यांची रक्कमही वाढते. मी ती रक्कम जशी होती तशीच ठेवली. वाढलेल्या खर्चावर नफा लावला नाही. आपला वाटा साडेपाच टक्क्यांवर येतो, पण पत्रात एक वाक्य ठामपणे लिहिता येतं, आणि ते ग्राहकाच्या हिशेबात तपासलं तरी खरं ठरतं.

सगळ्या मालाला एकच टक्का लावायचा का, हेही तपासलं. जड पाच पदरी खोक्यात कागदाचा वाटा ७० पर्यंत जातो, तर छपाईच्या छोट्या तीन पदरी खोक्यात तो ५२ वर येतो आणि मजुरी १८ वर जाते. दोन्हींमध्ये मोठा फरक पडेल असं वाटत होतं. पडला नाही. छोट्या खोक्यात कागद कमी असला तरी मजुरीची वाढ जास्त असल्याने दोन्हीकडची वाढ ८.८ ते ९.० च्या आत आली. म्हणून सगळीकडे ८.८ टक्के. फरक जास्त निघाला असता तर मालाच्या गटागटाने वेगळे दर दिले असते, कारण एकच सरासरी टक्का लावला की एका ग्राहकाने दुसऱ्याचा भार उचलल्यासारखं होतं.

याच सुमारास आमच्याच धंद्यातल्या एकाने सुचवलं की सगळ्यांनी मिळून एकाच तारखेला एकच टक्का जाहीर करू. मी सरळ नाही म्हटलं. स्पर्धकांनी आपसात दर ठरवणं बहुतेक देशांत कायद्याने बंद आहे, आणि पत्रात स्वतःच्या खर्चाखेरीज दुसरं काही येऊच नये असं माझं मत आहे.

पत्र पाठवण्याआधी प्रत्येक मोठ्या ग्राहकाला फोन केला. 'साहेब, उद्या एक पत्र येईल, दराबद्दल आहे, वाचून बोलू,' एवढंच. वर्षानुवर्षं माल घेणाऱ्याला अशी बातमी आधी कागदावरून कळू नये.

पत्र एका पानात बसवलं. त्याचा गाभा असा होता:

'महोदय, स. न. वि. वि.
आपण गेली अनेक वर्षे आमच्याकडून माल घेत आहात, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. मागील दर ठरल्यापासून आमचा उत्पादनखर्च जुन्या विक्रीदराच्या ९.६ टक्क्यांनी वाढला आहे. त्यातील सर्वांत मोठा भाग कागदाचा आहे. तपशील सोबतच्या तक्त्यात दिला आहे. वेस्टेज कमी करून त्यातील ०.८ आम्ही सोसत आहोत. उरलेली ८.८ टक्के वाढ पुढील महिन्याच्या अखेरीनंतर नोंदवलेल्या मागणीस लागू होईल. वाढलेल्या खर्चावर आम्ही नफा आकारलेला नाही. आज हाती असलेल्या सर्व पीओंचा माल जुन्याच दराने पोहोचवला जाईल. मधल्या काळातील नव्या मागणीस, आपल्या गेल्या सहा महिन्यांच्या मासिक सरासरीइतक्या मालापर्यंत, जुनाच दर राहील. कागदाचा तिमाही सरासरी दर ४ टक्क्यांहून अधिक बदलल्यास, तो चढो वा उतरो, त्या बदलाच्या ६२ टक्के इतका बदल आमच्या दरात केला जाईल. तक्त्यातील कोणताही आकडा आपण बिलांवरून तपासू शकता. कळावे, लोभ असावा.'

मासिक सरासरीची मर्यादा मुद्दाम घातली होती. ती नसली तर दरवाढीच्या तारखेआधी गोदाम भरून घेणारे निघतात. नेहमीच्या तिप्पट पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आला की ओळखावं. मग जुन्या दराचा तोटा आपण तीन महिने सोसतो, आणि नवा दर लागू झाल्यावर मशीन रिकामं उभं राहतं. एकाने तसा पीओ पाठवलाच. पत्रातली ओळ दाखवली, त्यांनी सरासरीइतका माल जुन्या दराने घेतला, बाकीचा नव्याने. वाद झाला नाही.

किती उघड करायचं याचाही विचार केला होता. तक्त्यात खर्चाच्या ओळी, त्यांचा वाटा आणि वाढ एवढंच दिलं. कागद कोणत्या गिरणीकडून येतो ते दिलं नाही. नफ्याची ओळ मी ठेवली. काकांचा तिला विरोध होता. त्यांचं म्हणणं, नफा दाखवला की घासाघीस तिथेच सुरू होते. माझं म्हणणं, ती ओळ गाळली तर बेरीज शंभर होत नाही, आणि न जुळणारी बेरीज बघून माणूस जास्तच शोधतो. शेवटी ठेवली.

एका मोठ्या कंपनीच्या पर्चेस मॅनेजरनी बिलं खरंच मागितली. गिरणीचं नाव झाकून दोन्ही तिमाहींतली बिलं मी त्यांच्यासमोर नेऊन ठेवली. त्यांनी दुसऱ्या पुरवठादारांच्या दरांशी ताडून बघितलं आणि एकच मुद्दा काढला, रद्दीचा. कागद महागला की रद्दीचा भावही चढतो, तो वाढीव पैसा धरला आहे का? धरला होता, दोन्ही तिमाहींत कागदाचा खर्च रद्दीचे पैसे वजा करूनच घेतला होता. ती आकडेमोड त्यांच्यासमोर मांडली तेव्हा त्यांनी सही केली. आधी हिशेबात ती नसती तर त्या टेबलावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या एका ग्राहकाचं बजेट वर्षाला बांधलेलं होतं. त्यांनी निम्मी वाढ आता आणि निम्मी पुढच्या तिमाहीत मागितली. ४.४ टक्के वाढीवर आमचा नफा शंभरामागे १.६ उरतो, तोटा होत नाही, म्हणून एका तिमाहीपुरतं मान्य केलं आणि लेखी घेतलं. उरलेली वाढ किती तारखेला लागेल ते त्याच कागदावर लिहिलं, कारण अशा तोंडी सवलती पुढे कायमच्या होऊन बसतात. आणखी एका ग्राहकाने मात्र निम्मं काम दुसरीकडे नेलं. त्यांना मिळालेला दर आमच्या कागदाच्या खर्चात बसत नव्हता, म्हणून मी तो गाठायचा प्रयत्न केला नाही.

पुढे कागदाची तिमाही सरासरी ५ टक्क्यांनी उतरली. ठरल्याप्रमाणे ३.१ टक्के दर कमी केल्याचं पत्र तसाच तक्ता जोडून सगळ्यांना गेलं. दोन ठिकाणी त्यांच्या सिस्टिममध्ये आमचा दर वर्षभरासाठी बांधलेला होता, तिथे पीओ दुरुस्त होईपर्यंत फरकाची क्रेडिट नोट दिली.