फाइल तीनशे डीपीआयची, तरी अक्षरं धूसर

ए-झीरो आकाराचं पोस्टर, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, त्याच दिवशी संध्याकाळी छपाईला द्यायचं होतं. त्यावर तीन आलेख होते: एक रेषालेख, एक स्तंभालेख आणि एक बिंदूंचा विखुरलेख. पोस्टर इंकस्केप या चित्ररचनेच्या प्रोग्राममध्ये जुळवलेलं, आलेख पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या साधनातून काढलेले. स्क्रीनवर पूर्ण पोस्टर एका नजरेत बघितलं तर कुठेही खोट दिसत नव्हती. तशी ती कधीच दिसत नाही, कारण ए-झीरो पान स्क्रीनवर बसवताना सगळंच आकसतं आणि धूसरपणा त्यात झाकून जातो. म्हणून रेषालेखाचा एक तुकडा खऱ्या मापात, शंभर टक्क्यांवर, ए-फोर कागदावर छापून बघितला. अक्षाखालचे आकडे वाचता येत होते, पण प्रत्येक आकड्याच्या कडेला करडी झालर होती. कागदावर पट्टी ठेवून मोजली तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच.

"पण फाइल तर तीनशे डीपीआयची आहे," पोस्टर जुळवणारी सहकारी म्हणाली. फोटो संपादकातले गुणधर्म उघडले तर तिचं बरोबर होतं, तिथे ३००, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके, असं लिहिलेलं होतं.

अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. छपाईला जाणारी पीडीएफ घ्यायची आणि तिलाच विचारायचं. पीडीएफ हाताळणाऱ्या पॉप्लरच्या साधनांमध्ये `pdfimages` असतं, ते पीडीएफमधल्या पिक्सेलच्या चित्रांची यादी देतं.

```
pdfimages -list poster.pdf
```

रेषालेखाच्या ओळीत रुंदी-उंची होती १९२० बाय १४४०, आणि `x-ppi` या रकान्यात १२२. हा रकाना महत्त्वाचा. चित्राच्या फाइलीत काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पानावर चित्र ज्या मापात बसवलंय, त्या मापात इंचाला किती पिक्सेल पडतात ते तो सांगतो. पोस्टरवर आलेखाची रुंदी ४०० मिमी, म्हणजे १५.७५ इंच होती. १९२० ला १५.७५ ने भागलं की १२२. फाइलीतला ३०० हा आकडा ६.४ इंच रुंदीपुरता खरा होता. चित्र ताणलं की इंच वाढतात, पिक्सेल तेवढेच राहतात.

इथे एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. १२२ पीपीआयला एक पिक्सेल साधारण ०.२ मिमीचा होतो. मग कागदावरची झालर त्याच्या तिप्पट कशी? पीडीएफ ८०० टक्क्यांपर्यंत मोठी करून बघितली. खऱ्या १२२ पीपीआयच्या चित्रात अक्षराच्या कडेला पायऱ्या दिसायला हव्यात आणि करडा रंग एखाद्याच पिक्सेलभर हवा. इथे पायऱ्या नव्हत्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तीन-चार पिक्सेलांचा मऊ उतार होता. हे मोठ्या केलेल्या चित्राचं लक्षण.

आलेखाची मूळ स्क्रिप्ट मागवली. तिच्यात चित्र जतन करणाऱ्या `savefig` ला फक्त फाइलीचं नाव दिलेलं. मॅटप्लॉटलिबचं ठरलेलं माप ६.४ बाय ४.८ इंच आणि १०० डीपीआय, म्हणजे मूळ चित्र ६४० बाय ४८० पिक्सेलचं. त्यात १० पॉइंटचं अक्षर सगळं मिळून १४ पिक्सेलांत बसतं, आणि इंग्रजी लहान अक्षरं जेमतेम सात-आठ पिक्सेल उंच असतात. पुढे कोणीतरी संपादकात १०० चे ३०० केले आणि संपादकाने चित्र तिप्पट ताणून मधले पिक्सेल अंदाजाने भरले. पोस्टरवर खरी माहिती ६४० भागिले १५.७५, म्हणजे इंचाला जेमतेम ४१ पिक्सेल एवढीच होती. त्या मापात एक पिक्सेल ०.६ मिमीचा होतो. झालरीचा हिशेब लागला.

यातला फसवा भाग असा, की हीच स्क्रिप्ट `dpi=300` देऊन पुन्हा चालवली तरी चित्र १९२० बाय १४४० चंच निघतं. दोन्ही फाइलींचे पिक्सेल सारखे, `pdfimages` दोन्हींना १२२ च म्हणणार, आणि तरी एकीत अक्षराची कड खरी आहे, दुसरीत अंदाजाने रंगवलेली. हा फरक कुठल्याही रकान्यात दिसत नाही, मोठं करून डोळ्यांनीच बघावा लागतो.

स्तंभालेखाचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या ओळीत `enc` या रकान्यात `jpeg` होतं. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोन लहरींच्या बेरजेत मांडतो आणि बारीक लहरी गाळतो. फोटोत ते खपतं. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराची तीक्ष्ण कड नेमकी त्या बारीक लहरींवरच उभी असते, त्यामुळे अक्षराभोवती धुळीसारखे ठिपके उठतात. अशी फाइल पुन्हा पीएनजी म्हणून जतन केली तरी ठिपके जात नाहीत, तेही इमानाने जतन होतात.

उपाय दोन होते. पीएनजीच ठेवायची तर ३०० पीपीआयसाठी ४७२५ पिक्सेल रुंदी लागते, म्हणजे ६.४ इंचाच्या आकृतीला `dpi=738` द्यावं लागतं. तीनशेला ताणाच्या पटीने, इथे २.४६ ने, गुणायचं. दुसरा उपाय व्हेक्टर: अक्षरं आणि रेषा पिक्सेल म्हणून न साठवता वक्रांची वर्णनं म्हणून साठवायची, मग ताणलं तरी कड छपाईयंत्राच्या क्षमतेइतकी तीक्ष्ण राहते. मूळ स्क्रिप्ट हाताशी असताना दुसरा मार्ग सोडायचं कारणच नव्हतं. फाइलीच्या नावाचा शेवट `.png` ऐवजी `.svg` केला की झालं.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपणहून आकृतीचं माप पोस्टरइतकं, `figsize=(15.75, 11.81)`, करून पाठवलं. कड सुरेख आली, अक्षरं मुंगीएवढी. कारण मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षरांचं माप पॉइंटमध्ये असतं आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. आकृती वाढवल्याने तो वाढत नाही. दहा पॉइंटचं अक्षर पोस्टरवर दहाच पॉइंटचं राहिलं, तीन पावलं मागून कोण वाचणार? अशा वेळी `font.size` आणि रेषांच्या जाड्याही वाढवाव्या लागतात. आम्ही तसं न करता ६.४ इंचाचीच आकृती ठेवली आणि इंकस्केपमध्ये प्रमाण कुलूपबंद करून ४०० मिमीपर्यंत ताणली. अक्षरं आपोआप साडेचोवीस पॉइंटची झाली. याचा आणखी एक फायदा होता: हेच आलेख अहवालातही जायचे होते, तिथली मजकुराची रुंदी सुमारे १६० मिमी, म्हणजे जवळपास ६.४ इंचच. एकच आकृती तिथे न ताणता दहा पॉइंटच्या अक्षरांसह बसते. फक्त इंकस्केपमध्ये वस्तू ताणताना रेषेची जाडीही त्याच प्रमाणात ताणण्याचा पर्याय चालू आहे ना, हे बघून घ्यावं. तो बंद असेल तर अक्षरं मोठी होतात आणि अक्षरेषा केसासारख्या राहतात.

विखुरलेखाने मात्र व्हेक्टरची मर्यादा दाखवली. त्यात दोन लाखांच्या आसपास बिंदू होते. एसव्हीजीमध्ये प्रत्येक बिंदू ही वेगळी वस्तू, त्यामुळे फाइल उघडतानाच इंकस्केप गोठलं. छापखान्यात पानाचे ठिपके बनवणारी प्रणालीही अशा फाइलीवर अडकू शकते. इथे तडजोड अशी करतात की फक्त बिंदूंचं पिक्सेलचित्र करायचं आणि अक्ष, आकडे, शीर्षकं व्हेक्टरच ठेवायची.

```python
ax.scatter(x, y, s=4, rasterized=True)
fig.savefig("scatter.svg", dpi=740)
```

एसव्हीजी काढताना `dpi` चा परिणाम फक्त या पिक्सेलच्या भागावर होतो. तो ३०० न ठेवता ७४० ठेवायचं कारण वरचाच हिशेब: पुढे २.४६ पट ताण पडणार आहे.

तिन्ही आलेख बदलले, पीडीएफ काढली, पुन्हा यादी घेतली. यादीतल्या पारदर्शकतेच्या `smask` ओळी सोडल्या, तर विखुरलेखाच्या बिंदूंचं एकच चित्र दिसायला हवं होतं. होती दोन. दुसऱ्याच्या पुढे `x-ppi` मध्ये ९६. मोठं करून बघितलं तर स्तंभालेख पुन्हा धूसर, आणि तोही एसव्हीजी बसवल्यावर!

कारण सावली निघाली. आलेख पानावर उठून दिसावा म्हणून चौकटीसकट सगळ्या गटाला मऊ सावलीचा फिल्टर लावलेला होता. पीडीएफमध्ये असा फिल्टर वक्र म्हणून लिहिता येत नाही, म्हणून इंकस्केप ज्या वस्तूवर फिल्टर आहे ती सगळीच पिक्सेलमध्ये बदलतं. पीडीएफ काढतानाच्या खिडकीत त्यासाठीचा आकडा ९६ डीपीआयच असतो. हा आकडा वाढवता येतो, पण मग अक्षरं वक्र न राहता पिक्सेलच राहतात. त्यामुळे गटावरची सावली काढली, आलेखामागे एक कोरा आयत ठेवला आणि सावली त्या आयताला दिली. आयताची सावली ९६ पीपीआयला छापली तर कोणाला कळत नाही, ती मुळातच मऊ असते. आलेख वर, फिल्टरपासून मोकळा.

शेवटच्या यादीत दोन चित्रं होती: बिंदूंचं, ३०१ पीपीआयवर, आणि आयताच्या सावलीचं, ९६ वर. मजकूर निवडता आला तर तो पिक्सेल नाही, ही एरवीची युक्ती इथे उपयोगी नव्हती, कारण मॅटप्लॉटलिब एसव्हीजीत अक्षरं मुळातच वक्र करून टाकतं. ती निवडता येत नाहीत, तरी तीक्ष्ण असतात. म्हणून ८०० टक्क्यांवर प्रत्येक आलेखाचा एकेक आकडा बघितला आणि सकाळचाच तुकडा ए-फोरवर पुन्हा छापला. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवला. तो चालू असला की माप बदलतं आणि तपासणीला अर्थ उरत नाही. पट्टीने आलेखाच्या अक्षावरचं अंतर मोजून माप शंभर टक्केच आहे याची खात्री केली, आणि फाइल छपाईला पाठवली.