जुन्या लेथचे सुटे भाग : कारखान्याला पाठवलेली चौकशी आणि आलेले उत्तर

गेल्या नोंदीत लेथची मोटर आणि पट्टे यांचे काम पूर्ण झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे दोन महिने यंत्रापेक्षा पत्रव्यवहारात अधिक गेले. परंतु त्या पत्रव्यवहारानेच या लेथचा एक जुना घोटाळा उघडकीस आणला, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

लेथ साडेचार फुटी बेडचा, कोल्हापूरच्या एका कारखान्यात तयार झालेला आणि आता बंद केलेल्या मॉडेलचा आहे. दोन ठिकाणी झीज होती. आटे पाडताना कॅरेज मध्येच निसटत असे आणि लीड स्क्रूला पकडणाऱ्या हाफ नटचा दांडा आपोआप वर उचलला जात असे. एप्रन उतरवून पाहिले तेव्हा कारण डोळ्यांना दिसले : या मापाच्या आट्याचा माथा सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास सपाट असायला हवा, तो माझ्या हाफ नटमध्ये झिजून सुरीच्या पात्यासारखा झाला होता. दुसरे म्हणजे, क्रॉस स्लाइडचे हँडल उलट दिशेने फिरवले की स्लाइड हलण्यापूर्वी ते जवळजवळ पाव फेरा रिकामे फिरत असे.

कारखाना अजून चालू आहे, म्हणून मी प्रथम दोन ओळींचे पत्र पाठवले : या मॉडेलचा हाफ नट आणि क्रॉस स्लाइडचा नट मिळेल का? पंधरा दिवस उत्तर आले नाही. फोन केल्यावर सुट्या भागांच्या विभागातील गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “साहेब, हे मॉडेल आम्ही वीस वर्षं काढलं, आणि त्या वीस वर्षांत आतले भाग तीन वेळा बदलले. तुम्ही यंत्राचा नंबर आणि मोजमापं पाठवा, मग मला कपाटातली वही काढता येईल.” त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. नुसत्या मॉडेलच्या नावावरून होकार देणारा माणूस बहुधा चुकीचा भाग पाठवतो.

यंत्राचा नंबर बेडवर टेलस्टॉकच्या टोकाला ठोकलेला असतो, हे ठाऊक होते. पण तिथे रंगाचे तीन थर होते. रंग काढण्याचे द्रावण लावून, लाकडी पट्टीने हलकेच खरवडून आकडे मोकळे केले. शेवटचा आकडा तीन की आठ हे कळेना, म्हणून कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासली, तेव्हा आठचा डावा गोलावा स्पष्ट उमटला. तो कागदच छायाचित्र काढून पत्रासोबत जोडला.

मोजमापाचे काम अधिक नाजूक होते. आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 साली झाला, तरी लेथचे लीड स्क्रू पुढे कित्येक वर्षे इंची आट्यांचेच निघत राहिले, त्यामुळे या वयाच्या यंत्रात दोन्हींपैकी काहीही निघू शकते. एक आटा मोजून फरक कळत नाही. दहा-बारा आटे एकदम मोजावे लागतात, आणि तेही एका आट्याच्या उजव्या बाजूपासून शेवटच्या आट्याच्या उजव्याच बाजूपर्यंत. लीड स्क्रू हेडस्टॉककडे सर्वाधिक झिजलेला असतो, म्हणून टेलस्टॉककडचा, फारसा न वापरलेला भाग निवडला. बारा आट्यांचे अंतर 76.2 मिलिमीटर भरले, म्हणजे इंचाला चार आटे. सहा मिलिमीटरचा आटा असता तर ते 72 भरले असते. इथे शंकेला जागा राहिली नाही.

क्रॉस स्लाइडने मात्र मला थांबवले. तिच्या डायलवर 200 रेघा आहेत आणि प्रत्येक रेघ एका थाऊची, म्हणजे एका फेऱ्यात 0.200 इंच. त्या हिशेबाने दहा आट्यांना 50.8 मिलिमीटर हवेत. व्हर्नियरने 50.0 दाखवले. तीनदा मोजूनही तेच. मग स्लाइड पुन्हा बसवली, तिला डायल गेज लावले, प्ले काढून टाकण्यासाठी एकाच दिशेने हँडल फिरवत प्रत्येक फेऱ्याची नोंद केली, आणि दर फेऱ्याला पाचच मिलिमीटर आले. कोणीतरी पूर्वी स्क्रू आणि नट दोन्ही मेट्रिक बसवले होते आणि डायल इंचीच ठेवला होता. फेऱ्यामागे 0.08 मिलिमीटरची, म्हणजे व्यासात 0.16 मिलिमीटरची चूक त्यामुळे होत होती. वर्षभर माझी कामे मापापेक्षा जाड का निघत होती आणि मी टूलला दोष का देत होतो, हे त्या संध्याकाळी उलगडले.

मी केवळ नंबर पाठवला असता, तर कारखान्याने वहीत पाहून मूळचा इंची नट पाठवला असता आणि तो माझ्या स्क्रूवर चार-पाच आट्यांनंतर अडकला असता. यंत्राचा नंबर ते कारखान्यातून बाहेर पडताना कसे होते एवढेच सांगतो.

दुसऱ्या पत्रात नंबर, मोजमापे, स्क्रू डाव्या आट्याचा असल्याची नोंद आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे दिली. मुख्य भाग असा होता :

“क्रॉस स्लाइडचा मूळ इंची स्क्रू व नट एकमेकांना जुळवलेल्या जोडीने मिळतील काय, तसेच हाफ नटचा संच मिळेल काय, हे कृपया कळवावे. प्रत्येक भाग तयार साठ्यातून मिळणार की मागणीनंतर बनवला जाणार, बनवला जाणार असल्यास किमान किती नग घ्यावे लागतील, आणि कळवलेली मुदत मागणीपत्राच्या तारखेपासून मोजायची की आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून, हेही नमूद करावे. एखादा भाग आता बनत नसल्यास त्याचे रेखाचित्र अथवा प्रमुख मापे मिळावीत, अशी विनंती आहे.”

जोडीचा आग्रह मी मुद्दाम धरला. झिजलेल्या स्क्रूवर नवा नट बसवला, तर मधल्या भागात तो सैल राहतो आणि टोकांना आवळतो. मधल्या भागाला जुळवावा तर टोकाला जातच नाही.

सहा दिवसांत उत्तर आले. वहीप्रमाणे माझे यंत्र 1983 चे आणि पूर्ण इंची आहे. क्रॉस स्लाइडचा स्क्रू आणि गनमेटलचा नट ते मागणीनंतर बनवतात, एक जोडीही चालते आणि आगाऊ रक्कम मिळाल्यापासून पाच आठवडे लागतात. हाफ नटचा साठा संपलेला आहे. त्याचा लाकडी पॅटर्न शाबूत आहे. मात्र एका नगासाठी तो फाउंड्रीत पाठवणे परवडत नाही, म्हणून पुढच्या ओतकामात माझा संच धरला जाईल आणि त्याला दहा ते बारा आठवडे लागतील. कोटेशन तीस दिवसांपुरते होते आणि बांधणी व वाहतूक वेगळी.

“दहा ते बारा” यावर मी पुन्हा फोन केला, कारण मधली दिवाळी त्यात धरली आहे की नाही हे पत्रात नव्हते. ती धरलेली नव्हती. फाउंड्री दिवाळीत आठवडाभर बंद असते, म्हणून त्यांनी स्वतःच तेरा आठवडे असे सुधारून लिहून दिले. ही मुदत मोठी असली तरी मला खरी वाटते, आणि गनमेटलचा तुकडा आणून हाफ नट स्वतः करण्यापेक्षा थांबणे मी पसंत केले. कारण दोन्ही अर्धे एकत्र धरून आटे पाडायचे आणि मग कापायचे, तेही एप्रनच्या खाचेशी केंद्र जुळवून, यासाठी मला चालू स्थितीतला दुसरा लेथच लागला असता.

दोन्ही भागांची आगाऊ रक्कम सोमवारी जमा केली आणि पावती आली. तोवर डायलवर विसंबणे बंद केले आहे : स्लाइडला डायल गेज कायमचे लावून माप त्यावरूनच घेतो, आणि आटे टॅप व डायने पाडतो. जोडी आली की ती बसवण्यापूर्वी दहा आटे पुन्हा मोजून पुढची नोंद लिहीन.