डग्गा गेला कुठे? हेडफोनच्या पॅडची नोंद

आईने विचारलं, "तुझ्या कानामागे काळं काय लागलंय?" तेव्हा लक्ष गेलं. चार वर्षं वापरलेल्या क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपच्या हेडफोनच्या पॅडचे पापुद्रे सुटत होते. हे नकली लेदर म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. घाम आणि दमट हवा त्याची रचना हळूहळू मोडते. ठाण्याच्या पावसाळ्यात तर हेडफोन कपाटात पडून राहिला तरी ते थांबत नाही.

पापुद्र्यांपेक्षा मला खुपत होता तो आवाज. तबला ऐकताना चाट स्वच्छ वाजे, पण डग्ग्याची घुमक गायब. ड्रायव्हर, म्हणजे कपमधला छोटा स्पीकर, गेला असावा, असं आधी वाटलं. मग संगणकावर SoX या प्रोग्रॅमने 40 हर्ट्झचा सूर लावला:

```
play -n synth 10 sine 40 vol 0.3
```

सूर जेमतेम ऐकू येत होता. दोन्ही कप हातांनी कानांवर दाबले आणि तोच सूर भरभरून आला. म्हणजे ड्रायव्हर ठणठणीत होता, हवा बाहेर जात होती. खर्जाच्या सुरात पडदा हवेला सावकाश आत-बाहेर ढकलतो. पॅडखाली बारीक फट असली तरी दाब तिथून निसटतो आणि सूर कानापर्यंत पोहोचण्याआधीच विरतो. वरच्या सुरांवर याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून आवाज मोडका न वाटता नुसता पोकळ वाटतो. बहुतेक वेळा फट पडते ती कानाच्या पाळीखाली, जबड्यामागच्या खळग्यात. फुगीर फोम तो खळगा भरून काढतो. माझा फोम दबून 20 मिमीचा 11 झाला होता, त्याला तिथवर पोहोचताच येत नव्हतं. चष्म्याच्या काडीपाशी फट होती ती वेगळीच.

पहिला प्रयत्न, चुकलेला. माझ्या कपचा पॅड चढतो तो भाग लंबगोल आहे, 98 बाय 78 मिमी. कडेभोवती दोरा फिरवला तर 277 मिमी भरला. 277 भागिले 3.14 म्हणजे 88, तेव्हा 90 मिमीचे गोल पॅड बसतीलच, असा हिशेब केला. हिशेब बरोबर होता, पॅड मात्र चूक. पॅडच्या मागची कापडी झालर कपच्या कडेवर ताणून चढते, म्हणून ती कडेपेक्षा थोडी लहान असायला हवी. माझी 5 मिमी सैल निघाली. वर-खाली कशीबशी अडकली, पण दोन्ही बाजूंना पोट सुटल्यासारखी लोंबली. शिवाय गोल फोम लंबगोलावर दाबला की वरच्या कातडीला सुरकुत्या पडतात. हेडफोन खिडकीच्या काचेवर टेकवून पलीकडून पाहिलं तर पॅड कुठे टेकलाय आणि कुठे नाही, ते सरळ दिसलं. तेव्हापासून नवा पॅड आला की आधी काच.

दुसरा. आकार आता अचूक होता, पण हौसेने वेलूर, म्हणजे मखमलीसारखं कापड घेतलं. उन्हाळ्यात सुख, यात वाद नाही. मात्र कापडातून हवा जाते, त्यामुळे काचेवर पॅड छान टेकत होता तरी 40 हर्ट्झ पुन्हा बारीक. ओपन-बॅकवाल्यांनी ते खुशाल वापरावं.

तिसरा. लंबगोल, प्रोटीन लेदर नावाचं मऊ नकली लेदर, आत मेमरी फोम, जाडी 20 मिमी. विक्रेत्याकडे 25 मिमीचाही होता आणि मोह झाला होता. पण जाड पॅडने ड्रायव्हर कानापासून दूर जातो, चाप वाढतो, मूळ आवाजाचा तोल बदलतो. मला माझाच जुना आवाज हवा होता. आतलं भोकही मोजलं: कान त्यात मावायला हवा, नाहीतर पाळी फोमवर चेमटते आणि तिथेच फट पडते.

चढवताना जुनं एटीएम कार्ड कामाला आलं. झालर एका टोकाला अडकवायची आणि कार्डाच्या कडेने ती खाचेत सारत सारत गोल फिरायचं. मोठी चूक थोडक्यात टळली: जुन्या पॅडबरोबर ड्रायव्हरच्या जाळीवरचं पातळ काळं कापड निघून आलं होतं, ते मी केरात टाकणारच होतो. ते न लावता एकदा ऐकलं, तर चाट किरकिरत होती. परत लावलं, आवाज जागेवर आला.

आता हात न लावता 40 हर्ट्झ ऐकू येतो. चष्मा लावला की किंचित उतरतो. त्यासाठी पातळ काड्यांची जुनी फ्रेम शोधून ठेवली आहे, रात्री ऐकताना तीच लावतो.